फोल्डेबल फोनच्या घडीवर फुगा आलाय? या चुका टाळा

फोल्डेबल फोन घेणारे बहुतेक जण दुकानात उभे राहून एकच गोष्ट बघतात, ती म्हणजे मधली रेघ. फोन तिरका धरतात, बोट फिरवतात आणि तोंड वाकडं करतात. ही रेघ पहिल्या काही आठवड्यांत थोडी खोल होते आणि मग साधारण तेवढीच राहते. स्क्रीन चालू असताना समोरून ती फारशी दिसतही नाही. तो बिघाड नाही. खरी डोकेदुखी वर्ष-दीड वर्षाने, त्याच रेघेवर पण वेगळ्या रूपात येऊ शकते.

एक दिवस घडीच्या जागी पांढरट, चंदेरी पट्टा दिसतो. जवळून पाहिलं तर तो हवेचा लांबट फुगा असतो. आतल्या स्क्रीनवर कंपनीने कारखान्यातच एक प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते आणि तिच्याखाली अतिशय पातळ काच. काही फोनमध्ये ही काच जेमतेम ३० मायक्रॉनची आहे, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. फोन मिटला की वरची फिल्म आकसते, खालचा थर तितका आकसत नाही, आणि दोघांमधल्या गोंदावर दर घडीला ताण येतो. शेवटी गोंद सुटतो. यात तुमची काही चूक नाही, ही रोजची झीज आहे.

पहिली चूक: फुगा नखाने सोलणे

हात शिवशिवतात हे मान्य. पण २०१९ मध्ये सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड परीक्षणासाठी दिला गेला, तेव्हा काहींनी वरचा थर साधा स्क्रीन गार्ड समजून काढला आणि स्क्रीन निकामी झाली. बिजागरीजवळच्या फटीतून कचरा आत गेल्याचीही तक्रार आली. एप्रिलमधली विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली. नंतरच्या फोनमध्ये फिल्मच्या कडा चौकटीखाली दडवल्या गेल्या आणि खाली काचही आली. तरी ओढताना घडीपाशी काचेवर जोर पडतोच. फिल्म निघाल्यावर नाक्यावरच्या दुकानातून टेम्पर्ड ग्लास लावणं तर आणखी वाईट, कारण ती वाकत नाही. फुगा तसाच ठेवून महिनोन्महिने वापरणंही बरं नाही. त्यात धूळ शिरते आणि फोन मिटताना तो कण थेट काचेवर दाबला जातो.

करायचं काय? आधी नुसती फिल्म सुटली आहे की स्क्रीन खरंच गेली आहे, ते ठरवा. पूर्ण पांढरं चित्र उघडा. घडीवर काळी, हिरवी किंवा गुलाबी रेघ नसेल, तर एखाद्या चित्र काढायच्या अ‍ॅपमध्ये बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरक्या रेषा ओढा. घडी ओलांडताना रेष तुटली नाही, तर बहुधा फक्त फिल्म सुटलेली आहे. ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घ्या.

रंगीत रेघ दिसली किंवा रेष तुटली, तर मात्र फोन उघडाच ठेवा आणि लगेच बॅकअप घ्या. पुढच्या एखाद्या घडीला स्क्रीन पूर्ण काळी पडू शकते.

दुसरी चूक: दोन लाख घड्या म्हणजे गॅरंटी समजणे

काही कंपन्या चाचणीच्या जोरावर फोन २ लाख घड्या टिकतो असं सांगतात. दिवसाला १०० वेळा उघड-मीट धरली तर हा हिशोब साडेपाच वर्षांच्या आसपास जातो. कागदावर ठीक आहे. पण ही चाचणी यंत्र करतं: स्वच्छ खोलीत, दर वेळी सारख्याच जोराने. आपण एका हाताने, एका कोपऱ्याला धरून फोन फटकन उघडतो, तोही खिशातल्या धुळीसकट.

तिसरी चूक: पाणी चालतं म्हणून वाळूही चालेल असं मानणे

डब्यावर आयपी४८ लिहिलं असेल तर त्यातला ८ पाण्यासाठी आहे आणि ४ घन कणांसाठी. ४ चा अर्थ १ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या कणांपासून संरक्षण. गणपतीपुळ्याची किंवा कळंगुटची वाळू बरीचशी त्याहून बारीक असते. आयपी६८ असलेले फोल्डेबल आता आले आहेत, पण आपल्या मॉडेलचा आकडा स्वतः वाचून घ्या.

कण आत गेल्याची खूण कानाला कळते: उघडताना कर्र असा आवाज येतो किंवा मध्येच अडकल्यासारखं वाटतं. अशा वेळी तेल, स्प्रे, हवेचा पंप यातलं काही वापरू नका. हवेच्या झोताने कण आणखी आत जातो, तर तेल धूळ धरून ठेवतं. फटीवरून कोरडा मऊ ब्रश फिरवा. तरीही आवाज राहिला, किंवा फोन पूर्ण सपाट होईना, तर सर्व्हिस सेंटर गाठा. बिजागरी थोडी सैल होणं मात्र अपेक्षित आहे. अर्धा उघडून टेबलावर ठेवलेला फोन आपोआप मिटू किंवा उघडू लागला, की ती जास्तच सैल झाली असं समजा.

नवा घेण्याआधी दुकानदाराला रेघेबद्दल विचारू नका. आतल्या स्क्रीनचा बदली खर्च किती, अपघाती नुकसानीच्या प्लॅनमध्ये तो बसतो का, आणि फिल्म किती वेळा फुकट बदलून मिळते, एवढं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जुना घेत असाल तर वरची पांढऱ्या चित्राची आणि तिरक्या रेषांची चाचणी विकणाऱ्याच्या समोरच करा. फिल्म काढून टाकलेला फोन असेल तर स्वस्त मिळतोय म्हणूनही घेऊ नका.