परजीवी ‘समजूतदार’ होत नाही: सहउत्क्रांती लिहिताना या चुका टाळा

दांडिया बाजारातल्या माझ्या घरी एम.एस्सी. प्राणिशास्त्राची मुलं शिकायला येतात. दर वर्षी एक वाक्य वहीत सापडतंच: ‘यजमान मेला तर आपली जात संपेल, म्हणून परजीवी सौम्य होतो.’ ते खोडून खोडून मी थकले आहे. विषाणूला जातीची काळजी नसते. जो वाण जास्त यजमानांपर्यंत पोचतो तो टिकतो, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात एका हुशार मुलीने हेच सेमिनारमध्ये सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, “मग सर्वांत सौम्य वाण का नाही जिंकला?” ती निरुत्तर झाली. संध्याकाळी रडवेली होऊन आली, “मॅडम, मी नोट्समध्ये असंच वाचलं होतं.” पाठ केलेल्या नोट्स अशाच ऐन वेळी दगा देतात. मी तिच्यापुढे कागद ठेवला.

1950 मध्ये ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव आवरायला मिक्सोमा विषाणू सोडला. मूळ वाणाने शंभरातले 99 हून अधिक ससे मरत, तेही दोन आठवड्यांच्या आत. ऑस्ट्रेलियन विषाणुतज्ज्ञ फ्रँक फेनर यांनी मारकतेच्या पाच श्रेण्या पाडल्या: पहिली सर्वांत मारक, पाचवी सर्वांत सौम्य. काही वर्षांतच मधली, तिसरी श्रेणी सर्वांत जास्त सापडू लागली. तिच्यात 70 ते 95 टक्के ससे मरत, पण 17 ते 28 दिवसांनी. याला सौम्य म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

डास सशाच्या कातडीवरच्या गाठीतून विषाणू सोंडेवर घेऊन जातो. समजा, गाठी आठवड्याने संसर्गक्षम होतात. पहिल्या श्रेणीचा ससा त्यानंतर पाच दिवस जगला आणि रोज दोन सशांना लागण झाली, तर दहा. तिसऱ्या श्रेणीचा पंधरा दिवस, रोज दीड: साडेबावीस. पाचव्या श्रेणीत गाठीत विषाणूच कमी, त्यामुळे पंधरा दिवस धरले तरी रोज 0.4, म्हणजे सहाच. आकडे मी मानलेले आहेत, पण खरा पेच हाच: प्रसाराचा वेग वाढवायचा तर यजमान लवकर मरतो. पाचवी श्रेणी का हरली, हे त्या मुलीने आपणहून सांगितलं.

दुसरी चूक: रानातले ससे कमी मरू लागले म्हणजे विषाणू सौम्य झाला, असं मानणं. सशांतही प्रतिकारशक्ती वाढत होती. म्हणून फेनर मारकता प्रयोगशाळेतल्या, या रोगाशी कधी गाठ न पडलेल्या सशांवर मोजत. मी आलेख पाहिला की आधी विचारते, ससे कुठले?

अँथ्रॅक्सला हेच गणित लावू नका. त्याचे बीजाणू मेलेल्या जनावरातून मातीत जातात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून यजमान मेला तरी प्रसार थांबत नाही.

आणि मिक्सोमाची गोष्ट 1950 च्या दशकात थांबवू नका. ससे प्रतिकारक्षम झाले, तसे अधिक मारक वाण पुन्हा पुढे आले. 1990 च्या दशकातले काही वाण प्रयोगशाळेतल्या सशांना दिले, तेव्हा त्यांची प्रतिकारयंत्रणाच कोलमडली.