पावडर एक्सआरडीसाठीचे विनंतीपत्र: माझा अनुभव

पावडर एक्सआरडी, म्हणजे भुकटीवर क्ष-किरण टाकून तिची स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीसाठी आमच्या भौतिकशास्त्र विभागाने विद्यापीठाच्या मध्यवर्ती उपकरण केंद्राला पाठवलेले पहिले पत्र "माहिती अपुरी" असा शेरा घेऊन परत आले. त्यात मी "एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या 8 नमुन्यांचे एक्सआरडी करून मिळावे" एवढेच लिहिले होते. विषय, संदर्भ आणि विभागप्रमुखांची सही व्यवस्थित होती, पण यंत्र किती वेळ अडकेल हे त्यावरून कोणालाच कळले नसते.

दुसऱ्या पत्रात मी हिशेबच मांडला. क्ष-किरण वळण्याचा कोन 2θ 20° ते 80°, पायरी 0.02° आणि प्रत्येक पायरीला 1 सेकंद धरल्यास 3000 पायऱ्या, म्हणजे एका नमुन्याला 50 मिनिटे लागतात. नमुना बदलण्याची 10 मिनिटे धरून 8 नमुन्यांना 8 तास, म्हणजे एक पूर्ण दिवस मागितला.

खरी चूक मात्र नमुन्यांच्या वर्णनात होती. आमचे नमुने कोबाल्ट फेराइटचे होते आणि तांब्याच्या नळीच्या क्ष-किरणांनी लोह व कोबाल्ट स्वतःच प्रतिदीप्त होतात, म्हणजे आपले क्ष-किरण सोडतात, त्यामुळे आलेखाची पार्श्वभूमी वर चढते आणि लहान शिखरे तीत बुडतात. म्हणून रासायनिक सूत्र CoFe₂O₄ स्पष्ट लिहून, शोधकाची ऊर्जा-मर्यादा त्यानुसार ठेवावी, अशी विनंती केली. स्फटिककणांचा आकार शिखरांच्या रुंदीवरून, शेरर सूत्राने काढायचा असल्यामुळे प्रमाणित सिलिकॉनचा एक आलेखही त्याच मांडणीत मागितला. तो नसेल तर यंत्रामुळे आलेली शिखराची रुंदी वजा करता येत नाही आणि आकार प्रत्यक्षापेक्षा लहान निघतो.

या पत्रावर तारीख मिळाली.