ईदची नमाज : दुसऱ्या रकातीत रुकूची घाई नको

रमजान ईदची नमाज दोनच रकातींची, म्हणून तयारी न करता ईदगाहवर येणारे खूप असतात. फजरचे दोन फर्जही दोनच रकाती, मग वेगळं ते काय, असं त्यांना वाटतं. फरक जादा तकबिरींचा आहे आणि गडबड तिथेच होते.

हनफी पद्धतीत सहा जादा तकबिरी असतात. पहिल्या रकातीत सना झाली की तीन. पहिल्या दोन तकबिरींना हात कानापर्यंत उचलून मोकळे सोडायचे, तिसरीला बांधायचे. मग इमाम किरात सुरू करतात. इथे सहसा निभावतं, कारण सगळे एकमेकांकडे पाहून सावरतात.

घोळ दुसऱ्या रकातीत होतो. इथे किरात आधी आणि तीन तकबिरी नंतर. रोजच्या नमाजीत सूरा संपल्यावर ‘अल्लाहू अकबर’ ऐकलं की रुकू, ही सवय अंगात भिनलेली असते. रत्नागिरीकडचा एक मुलगा पुण्यात नोकरीला आला, ती त्याची इथली पहिली ईद. आमचे कोकणी शाफई, त्यांच्याकडे जादा तकबिरी पहिल्या रकातीत सात, दुसरीत पाच आणि दोन्हीकडे किरातीच्या आधी. हा दुसऱ्या रकातीच्या सुरुवातीला तकबिरींची वाट पाहत राहिला, पण इमामांनी थेट अल्हम्द सुरू केली. सूरा संपली, तकबीर झाली आणि तो रुकूत. त्याचं पाहून पलीकडचे दोघे वाकले, मागच्या सफेतही चलबिचल झाली. इमाम अजून उभेच होते.

मी नवख्यांना एवढंच सांगतो : सूरा संपल्यावर तीन तकबिरींना हात उचलून सोडा, चौथीला हात न उचलता वाका. चुकून आधी वाकलात तर लगेच उभे राहा आणि इमामांसोबत चला. मुक्तदीच्या अशा चुकीवर सजदा-ए-सहव नाही. शाफई माणसानेही हनफी इमामामागे त्यांच्याच मोजणीने जावं, आपले सात-पाच भरत बसू नये.

उशिरा येऊन एक रकात हुकली तर हनफी पद्धतीत इमामांच्या सलामनंतर उठून आधी किरात, मग तीन तकबिरी, मग रुकू. बरेच जण उठल्या उठल्या तकबिरी म्हणतात. अजान-इकामत ऐकून निघू म्हणणाऱ्यांची तर नमाजच हुकते, कारण ईदला दोन्ही नसतात. फितरा नमाजीआधी द्या. ईदगाहवर पोचून आधी नफ्ल पढू नका.

आणि सलाम फिरताच गळाभेटी सुरू करणाऱ्यांचं मला खरोखर वाईट वाटतं. जुम्याला खुतबा नमाजीआधी असतो, ईदला नंतर. इमाम मिंबरवर उभे असताना चपला शोधत फिरू नका. दोन्ही खुतबे संपेपर्यंत जागेवर बसा, गळाभेट त्यानंतर.