रिब स्लॅबमधली एक रिब डिझाइन कशी करावी: समतुल्य छेदापासून सळयांपर्यंत

रिब स्लॅबचं गणित तपासायला आलं की मी पहिल्या पानावर एकच गोष्ट शोधतो: ‘समतुल्य जाडी’ म्हणून कोणता आकडा लिहिला आहे आणि तो पुढे कुठे कुठे वापरला आहे. जवळजवळ बसवलेल्या रिबांचा स्लॅब सॉफ्टवेअरमध्ये साध्या सपाट स्लॅबसारखा टाकता यावा म्हणून ही जाडी काढतात. सोय चांगली आहे, पण एकाच स्लॅबच्या समतुल्य जाड्या दोन-तीन निघतात. वजनाची वेगळी, ताठपणाची वेगळी. एकीच्या जागी दुसरी वापरली की पुढचं सगळं गणित बिनचूक असूनही उत्तर चुकतं.

एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच चालवू. एका दिशेने जाणारा, दोन्ही टोकांना साधा टेकलेला स्लॅब. स्पॅन ६ मीटर. रिबांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ६०० मिमी, रिबची रुंदी १२५ मिमी, वरचं टॉपिंग ६० मिमी, एकूण खोली ३०० मिमी. काँक्रीट एम २५, सळई एफई ५००.

आधी मापं नियमात बसतात का ते पाहून घ्यावं. आयएस ४५६ नुसार रिब ६५ मिमीपेक्षा अरुंद नको, अंतर दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि टॉपिंगखालची रिबची खोली रुंदीच्या चौपटीपेक्षा जास्त नको. आपली खोली २४० मिमी, म्हणजे दुपटीच्याही आत. ६५ मिमीची रिब कागदावर चालते. तिच्यात दोन सळया, रिंग आणि कव्हर बसवून काँक्रीट खालपर्यंत पोचवणं ही वेगळी गोष्ट. एसीआय ३१८ मध्ये हीच मर्यादा सुमारे १०० मिमी आहे आणि मला ती जास्त पटते.

पहिली पायरी: एका रिबच्या वाट्याचा छेद काढा

एका रिबच्या वाट्याला ६०० मिमी रुंदीची पट्टी येते. तिचा आकार टी. वरचा भाग ६०० × ६०, म्हणजे ३६,००० चौ. मिमी. खालचा १२५ × २४०, म्हणजे ३०,०००. एकूण ६६,०००. हे क्षेत्रफळ ६०० ने भागलं की ११० मिमी येतात. ही झाली वजनाची समतुल्य जाडी: ३०० मिमी खोल दिसणाऱ्या या स्लॅबचं वजन ११० मिमीच्या भरीव स्लॅबइतकं, चौरस मीटरला २.७५ किलोन्यूटन.

आता ताठपणा. वरच्या कडेपासून छेदाचा गुरुत्वमध्य ९८ मिमीवर येतो. त्याभोवती जडत्वाघूर्ण, म्हणजे आपण साइटवर ज्याला ‘आय’ म्हणतो तो, सुमारे ५२.३ कोटी मिमी⁴. तेवढाच आय ६०० मिमी रुंदीच्या भरीव पट्टीत मिळवायचा तर तिची जाडी २१९ मिमी लागेल. ही ताठपणाची समतुल्य जाडी.

११० आणि २१९ यांची अदलाबदल झाली तर काय होतं? कुणी २१९ मिमी जाडी मॉडेलमध्ये टाकली आणि स्वतःचं वजन सॉफ्टवेअरला काढू दिलं, तर ते प्रत्यक्षाच्या दुप्पट धरलं जातं आणि या उदाहरणात डिझाइनचा मोमेंट सुमारे ४० टक्के फुगतो. उलट ११० मिमी टाकली तर वजन बरोबर येतं, पण आय आठव्या हिश्शावर जातो आणि डिफ्लेक्शन आठपट दिसतं. दुसरी चूक निदान डोळ्यांत भरते. पहिली गुपचूप जास्तीची सळई खाते आणि कुणी हटकत नाही. उपाय सोपा: मॉडेलमध्ये २१९ मिमी ठेवायची असेल तर काँक्रीटची घनता त्याच प्रमाणात कमी करा, म्हणजे २५ ऐवजी २५ × ११० ÷ २१९, साधारण १२.६ किलोन्यूटन प्रति घनमीटर.

आणखी एक अडचण असते. २१९ मिमी हा आकडा न तडकलेल्या काँक्रीटचा आहे. हा छेद तडकायला फक्त ९ किलोन्यूटन-मीटर मोमेंट पुरतो आणि रोजच्या वापरातला मोमेंट १८ च्या आसपास आहे. म्हणजे रिब खालून बारीक तडकणारच. पुढे निवडलेल्या सळया धरून तडकलेल्या छेदाचा आय काढला तर तो १३.३ कोटीच उरतो, मूळच्या साधारण पाव. त्याची समतुल्य जाडी १३९ मिमी. डिफ्लेक्शन थेट मोजायचं असेल तर खरं उत्तर २१९ आणि १३९ यांच्या मध्ये कुठेतरी असतं. २१९ वर विसंबून स्लॅब ताठ आहे म्हणणं धोक्याचं.

दुसरी पायरी: भार एका रिबवर आणा

इथून पुढे समतुल्य जाडी बाजूला ठेवा आणि खऱ्या टी छेदावर काम करा. रिबचं स्वतःचं वजन १.६५ किलोन्यूटन प्रति मीटर. फिनिश चौरस मीटरला १ धरला तर रिबवर ०.६, लाइव्ह लोड ३ धरला तर १.८. एकूण ४.०५, आणि दीडपट करून ६.०७५ किलोन्यूटन प्रति मीटर. साध्या टेकलेल्या रिबच्या मध्यभागी मोमेंट ६.०७५ × ६² ÷ ८, म्हणजे २७.३ किलोन्यूटन-मीटर.

हा आकडा एका रिबचा आहे, एका मीटरचा नाही. मीटरचा ४५.६ येतो. सॉफ्टवेअर बहुतेकदा मीटरचा देतं, त्याला ०.६ ने गुणायचं विसरून आलेली सळई प्रत्येक रिबमध्ये टाकलेली ड्रॉइंगं मी पाहिली आहेत.

तिसरी पायरी: तटस्थ अक्ष कुठे आहे ते बघा

प्रभावी खोली काढू: ३०० मधून कव्हर २५, रिंग ८ आणि १६ मिमी सळईचा अर्धा भाग ८ वजा केले की २५९ मिमी. टी बीमच्या सूत्राने दाबाला येणारी रुंदी १४८५ मिमी निघते, पण शेजारच्या रिबचा वाटा आपल्याला घेता येत नाही. म्हणून ६०० मिमीच धरायची. जवळजवळच्या रिबांत जवळपास नेहमी हेच होतं.

आता पूर्ण टॉपिंग दाबात गेलं तर किती मोमेंट पेलेल? ०.३६ × २५ × ६०० × ६० हा दाबाचा जोर, त्याला (२५९ − ०.४२ × ६०) ने गुणलं की ७५.८ किलोन्यूटन-मीटर. आपल्याला हवेत २७.३. म्हणजे तटस्थ अक्ष टॉपिंगच्या आतच आहे आणि टी छेदाचं लांबलचक समीकरण लागत नाही. ६०० मिमी रुंदीचा साधा आयताकृती बीम समजून सोडवायचं.

सोडवलं की तटस्थ अक्ष वरून फक्त २० मिमीवर येतो. म्हणजे दाब घेण्याचं काम ६० मिमीतल्या वरच्या तिसऱ्या हिश्शातच उरकतं. रिबचं काँक्रीट मोमेंटसाठी काहीच करत नाही. ते सळईला खाली धरून ठेवतं आणि शिअर घेतं. हे एकदा लक्षात आलं की रिब अरुंद का चालते तेही कळतं.

लागणारी सळई: दाबाचा जोर भागिले ०.८७ × ५००, म्हणजे २५१ चौ. मिमी. दोन १२ च्या सळया २२६ देतात, थोडं कमी पडतं. दोन १६ च्या ४०२ देतात, फारच जास्त. एक १६ आणि एक १२ घेतली की ३१४, ते ठीक. रुंदीही तपासा: १२५ मधून दोन्हीकडचं कव्हर, रिंगा आणि सळया वजा केल्यावर दोन सळयांत ३१ मिमी मोकळं राहतं. दोन १६ टाकल्या असत्या तर २७ उरले असते. २० मिमी खडीला लागणारे २५ त्यात बसतात, पण कारागिराच्या हाताला चुकायला जागा राहत नाही.

कुणी चुकून दाबाची रुंदी ६०० ऐवजी १२५ धरली तर सळई २९९ येते. फरक फार वाटत नाही, पण तटस्थ अक्ष ११५ मिमीवर जातो आणि छेद मर्यादेला टेकल्यासारखा दिसतो. तपासताना साध्या टेकलेल्या रिबमध्ये हा आकडा टॉपिंगच्या जाडीबाहेर दिसला की तिथेच थांबावं.

चौथी पायरी: डिफ्लेक्शन आणि शिअर

स्पॅन भागिले प्रभावी खोली २३.२. साध्या टेकलेल्या बीमची मूळ मर्यादा २०, पण टी छेदात रिबची रुंदी टॉपिंगच्या रुंदीच्या ३० टक्क्यांहून कमी असल्याने ०.८ ने गुणावं लागतं. सळईचं प्रमाण इथे ६०० मिमी रुंदीवर मोजतात, म्हणून ते ०.२ टक्केच येतं आणि त्याचा गुणक १.८६ मिळतो. मर्यादा २९.८, बसतं. १२५ रुंदीवर प्रमाण काढणारे इथे विनाकारण नापास होतात.

शिअरसाठी मात्र रुंदी १२५ च. आधारापासून खोलीइतक्या अंतरावर १६.७ किलोन्यूटन, ताण ०.५१ न्यूटन प्रति चौ. मिमी. दोन्ही सळया आधारापर्यंत नेल्या तर काँक्रीट एकटंच ०.६ च्या वर घेतं. किमान रिंगा पुरतात.

आधारावर सगळं उलटतं

स्लॅब सलग असेल तर आधारावर मोमेंट ऋण होतो. टॉपिंग ताणात जातं आणि दाब घ्यायला खालची १२५ मिमीची अरुंद रिब उरते. आयएस ४५६ चे गुणांक लावले तर शेवटून दुसऱ्या आधारावर साधारण २३ किलोन्यूटन-मीटर येतात. खोली तेवढीच धरली तर ही रिब जास्तीत जास्त २७.९ पेलते. बसतं, पण तटस्थ अक्ष २० वरून ९३ मिमीवर जातो. लाइव्ह लोड ३ वरून साडेचारवर गेला की मर्यादा ओलांडली. म्हणून आधाराजवळ रिबांमधले साचे काही अंतर काढून तिथे भरीव पट्टा ठेवतात. त्या पट्ट्याचं वजन डेड लोडमध्ये वेगळं धरायला विसरू नका.

साइटवर काय बघायचं

साचे सरकून रिब १२५ ची १०० झाली तर मोमेंटची ताकद जवळपास तशीच राहते, पण शिअरचा ताण पाव हिश्शाने वाढतो आणि बाजूचं कव्हर जातं. त्यामुळे ओतण्याआधी साच्यांमधली मोकळी जागा टेपने तळाशी मोजावी, वर नाही. साच्याच्या बाजू उतरत्या असतील तर तळाची रुंदी सर्वात कमी असते. उतरत्या बाजूंचं जास्तीचं काँक्रीट मात्र वजनात सरासरी रुंदीने धरायचं.

टॉपिंग ६० ऐवजी ४५ ओतलं गेलं तर खोली १५ मिमीने घटते आणि ताकद ३३.९ वरून ३१.९ वर येते. अजूनही पुरेशी, पण टॉपिंगमधल्या ६ मिमीच्या जाळीला वरून कव्हर उरत नाही.

आणि हनीकोंब. तो नेमका रिबच्या तळाशी, सळयांच्या खाली सापडतो, कारण जाड नीडल तिथे पोचतच नाही. बारीक खडी आणि २५ मिमीची नीडल मागवा. साचा काढल्यावर रिबच्या खालच्या कडेवर हातोडीचा हलका ठोका देत चाला. पोकळ आवाज आला तिथे खरवडून सळई दिसते का ते बघा.