बाह्य ऑडिट आणि बजेटचे कागद : या चुका टाळा

बाह्य ऑडिटर सगळ्या फायली ओळीने वाचत नाही. तो खातेवहीतल्या काही नोंदी निवडतो आणि त्यांच्यामागचे कागद मागतो. म्हणून फायली पुरवठादाराच्या नावाने किंवा नुसत्या महिन्यानुसार लावल्या की शोधाशोध ठरलेली. खातेवहीतला व्हाउचर क्रमांकच बिलावर आणि स्कॅनच्या नावातही हवा. सोबत बजेटचं शीर्ष लिहा. उदाहरणार्थ, ‘०१४७_प्रशिक्षण_सभागृह’.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बिल आणि बँकेची नोंद एवढ्यावर थांबणं. बिलावरून पैसे मागितल्याचं कळतं, बँकेवरून दिल्याचं. पण सेवा खरंच मिळाली का? समजा, प्रशिक्षण या शीर्षाखाली सभागृहाचं भाडं ४५,००० पडलंय. बिल तीन दिवसांचं, रोजचे १५,०००. हजेरीपत्रक मात्र दोनच दिवसांचं, तेही कार्यक्रम विभागाच्या कपाटात. पहिला दिवस मांडणीसाठी घेतला होता हे सर्वांना माहीत असतं, पण बुकिंगच्या पत्रात तसा शब्दही नसतो. मग १५,००० चा खर्च पुराव्याविना उरतो आणि निधी देणारी संस्था तो नामंजूर करू शकते. बुकिंगच्या पत्रातच ‘एक दिवस मांडणी, दोन दिवस प्रशिक्षण’ लिहिलं असतं तर प्रश्नच उरला नसता.

ही तपासणी पैसे देण्याआधी करा. मंजुरी, बुकिंगचं पत्र, हजेरीपत्रक आणि बिल एकत्र ठेवून तारखा आणि दिवस जुळतात का ते पाहा. राहिलेला खुलासा नंतर लिहावा लागलाच, तर त्यावर लिहिल्या दिवसाचीच तारीख घाला. मागची तारीख टाकलेला एक कागद सापडला की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

खर्चाचे कागद चोख असूनही बजेटच्या बाजूने गफलत होते. प्रशिक्षणाची तरतूद १,२०,००० होती, खर्च १,३८,००० झाला आणि वरचे १८,००० प्रवासाच्या शीर्षातून वळवले. ही परवानगी बहुतेकदा कुणाच्या तरी ईमेलमध्ये पडून असते आणि ती व्यक्ती नोकरी सोडून गेलेली असते. खर्चाआधीच्या तारखेची ती मंजुरी बजेटच्या फाइलमध्येच ठेवा. मूळ बजेटच्या शीटवर नवे आकडे चढवू नका. सुधारित प्रत वेगळी ठेवा, नाहीतर नेमकं काय बदललं ते दाखवता येत नाही.

थर्मल कागदावरच्या पावत्या पुसट होत जातात, त्या आल्या दिवशीच स्कॅन करा.

ऑडिटच्या आधी एक चाचणी घ्या. ज्याने फायली लावलेल्या नाहीत अशा सहकाऱ्याला खातेवहीतल्या पाच नोंदी द्या आणि कागद शोधायला सांगा. मग उलट करा : फाइलमधली पाच बिलं काढून त्यांच्या नोंदी खातेवहीत शोधायला सांगा. पहिल्या फेरीत पुराव्याविना असलेला खर्च कळतो, दुसरीत नोंदवायचाच राहिलेला.