सेप्टिक टँक खरंच भरलाय का, की दुखणं शोषखड्ड्याचं आहे? कसं ओळखायचं

टॉयलेटमधलं पाणी हळू उतरायला लागलं की घरात पहिलं वाक्य येतं ते म्हणजे "टाकी भरली वाटतं, गाडी बोलवा". आम्हीपण तेच केलं होतं. गाडी आली, टाकी रिकामी केली आणि बरोबर सहाव्या दिवशी भांड्यातलं पाणी परत वर आलं. सहा दिवसात पाच माणसं टाकीभर मैला करूच शकत नाहीत, म्हणजे चूक आमच्या समजण्यात होती. ती तुमची होऊ नये म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. चांगली चालणारी सेप्टिक टँक कायम पाण्याने भरलेलीच असते. झाकण उघडलं आणि वरपर्यंत पाणी दिसलं म्हणून टाकी "भरली" असं होत नाही. ती रिकामी कधी करायची हे पाण्यावरून नाही तर तळाच्या गाळावरून ठरतं.

आत काय चालतं ते बघा. घरातला मैला पाण्यासोबत टाकीत येतो आणि तिथे पाण्याची हालचाल जवळजवळ थांबते, त्यामुळे जड ते खाली बसतं, तेलकट आणि हलकं ते वर तरंगून साय धरल्यासारखा जाड थर होतो आणि मधे त्यामानाने निवळ पाणी राहतं. खालच्या गाळात हवा न लागणारे जिवाणू असतात, ते मैला कुजवून त्याचा गॅस आणि पाणी करतात, पण सगळंच पचत नाही, थोडं उरतं आणि साठत जातं. टाकीत सहसा मधे एक भिंत असते आणि तिला साधारण मध्यावर भोक ठेवलेलं असतं, म्हणजे वरची सायही नाही आणि खालचा गाळही नाही, फक्त मधलं पाणी दुसऱ्या कप्प्यात जातं. बाहेर जाणाऱ्या पाइपला आतल्या बाजूने इंग्रजी T सारखा जोड, म्हणजे टी, लावलेला असतो तोही याचसाठी, त्याचं खालचं तोंड साईच्या खाली बुडालेलं असतं. घरातून जेवढं पाणी आत आलं तेवढंच दुसऱ्या टोकाने बाहेर, म्हणून पातळी नेहमी बाहेरच्या पाइपाच्या तळाशी येऊन थांबते.

ते बाहेर पडलेलं पाणी शोषखड्ड्यात जातं. ते दिसायला निवळ असलं तरी शुद्ध नसतं, रोगजंतू त्यात असतातच. खड्ड्याच्या बाजूच्या आणि तळाच्या मातीतून ते हळूहळू मुरतं आणि खरं गाळण त्या मातीत होतं. म्हणूनच खड्ड्याचा तळ भूजलाच्या बराच वर लागतो आणि विहीर, बोअर लांब लागते. मातीच्या तोंडावर कालांतराने काळा बुळबुळीत थर धरतो, थोडा धरला तर चालतं, पण टाकीतून गाळाचे कण यायला लागले की तो जाड होतो आणि मातीची भोकं बुजतात. हे एकदा झालं की टाकी कितीही वेळा उपसा, खड्डा काही लगेच सुधारत नाही.

आता आमच्या घराचा हिशोब सांगतो. टाकी आतून 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, पाण्याची खोली 1.2 मीटर, म्हणजे साधारण 2400 लिटर. माणसं पाच. एका माणसाचा वर्षाला अंदाजे 40 लिटर गाळ साठतो असं धरतात, म्हणजे पाच जणांचा 200 लिटर, आणि तो 2 चौरस मीटर तळावर सारखा पसरला तर वर्षाला 10 सेंटीमीटर थर. नियम असा की गाळ पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाला की उपसायचा. आमच्यासाठी तो झाला 40 सेंटीमीटर, म्हणजे चार वर्षं. पण जास्त गाळ पहिल्या कप्प्यातच बसतो, तिथे मर्यादा आधी येते, म्हणून तिसऱ्या वर्षी मोजून बघायला हवं होतं. आम्ही नऊ वर्षं झाकण उघडलं नाही. 90 सेंटीमीटरच्या आसपास गाळ, वर जेमतेम 30 सेंटीमीटर पाणी म्हणजे 600 लिटर, आणि टॉयलेट, बाथरूम धरून रोजचं पाणी 500 लिटर. म्हणजे पाणी आत आलं की कसंबसं एक दिवस थांबून बाहेर, साईने खाल्लेली जागा धरली तर तेवढंही नाही, निवळायला वेळच नाही. ते कण वर्षानुवर्षं शोषखड्ड्यात जात राहिले आणि खड्ड्याचं मुरणं बंद पडलं. गाडीने टाकी रिकामी केल्यावर 2400 लिटरची टाकी रोज 500 ने भरायला पाच दिवस लागले, पुढे पाण्याला जायला जागा नाही, म्हणून सहाव्या दिवशी भांडं तुंबलं. तुमच्याकडेही उपसल्यावर थोड्याच दिवसात परत तुंबलं तर हाच हिशोब करून बघा, टाकीचे लिटर भागिले रोजचं पाणी, उत्तर जुळलं तर दुखणं टाकीच्या पुढे आहे.

लक्षणं कशी वाचायची

एकच भांडं किंवा एकच मोरी तुंबते आणि बाकी सगळं नीट वाहतं, तर टाकीचा संबंध नाही, तेवढी लाइन चोकअप आहे. घरातल्या सगळ्यात खालच्या भांड्यात आणि मोरीत एकदमच पाणी हळू उतरतं, फ्लश केल्यावर मोरीतून गुडगुड आवाज येतो, वास येतो, तर टाकी आणि पुढचं बघायला पाहिजे. शोषखड्ड्याच्या वरची जमीन कोरड्या दिवसातही ओली, पाय ठेवला तर मऊ लागते, किंवा तिथलंच गवत आजूबाजूपेक्षा गडद आणि दाट, हे खड्डा मुरवत नसल्याचं लक्षण. फक्त जोराच्या पावसात तुंबतं आणि नंतर आपोआप ठीक होतं, तर बहुतेक भूजल वर आलंय किंवा छताचं, अंगणाचं पाणी खड्ड्यात शिरतंय, तिथे उपसून काही साधत नाही, आधी ते पाणी वळवा.

आता झाकण उघडून बघायचं, पण त्याआधी हे वाचाच. आतला गॅस जीव घेतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू जास्त झाला की नाकाला वास कळणंच बंद होतं, म्हणून "वास नाही म्हणजे ठीक आहे" असं समजू नका. सोबत मिथेन असतो, तो पेट घेतो. झाकण दोघांनी मिळून उघडा, बाजूला व्हा, थोडा वेळ हवा खेळू द्या, विडी काडी दिवा जवळ नको, तोंड आत घालून वाकू नका, लहान मुलांना लांब ठेवा. आणि टाकीत कुणीही उतरायचं नाही, आपण नाही आणि पैसे देऊन दुसरा माणूस तर नाहीच. आत पडलेल्याला काढायला उतरलेला माणूसही तिथेच पडतो, असं कुणी पडलं तर उतरायचं नाही, अग्निशमन दलाला बोलवायचं. मोबाईल, चाव्या काहीही पडलं तर ते गेलं.

पहिली नजर पाण्याच्या पातळीवर टाका, बाहेर जाणारा पाइप कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या मानाने पाणी कुठे आहे ते बघा. पाणी बरोबर त्या पाइपाच्या तळाशी असेल आणि तरी घरात तुंबतंय, तर अडथळा घर आणि टाकीच्या मधे आहे, बऱ्याचदा आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी साय घट्ट होऊन बसलेली असते. पाणी पाइपाच्या वर चढलं असेल तर शोषखड्डा उघडा, तिथेही लांबूनच. खड्डा रिकामा आणि टाकी चढलेली, म्हणजे मधला पाइप किंवा टी चोक आहे. खड्डाही पाइपापर्यंत भरलेला, म्हणजे माती मुरवत नाही, आमच्यासारखं. आणि अलीकडे न उपसताही पाणी पाइपाच्या बरंच खाली असेल तर टाकी कुठेतरी गळतेय, मैल्याचं कच्चं पाणी जमिनीत जातंय, जवळ विहीर असेल तर हे तुंबण्यापेक्षा गंभीर आहे.

मग गाळ मोजा. टाकीच्या खोलीपेक्षा चांगली लांब काठी घ्या, खालच्या मीटरभर भागाला जुनं पांढरं खरखरीत फडकं, टॉवेल असेल तर उत्तम, घट्ट गुंडाळून बांधा. हातमोजे घाला. पहिल्या कप्प्यात साय बाजूला सारून काठी सरळ हळू तळाला टेकवा, दोन तीन मिनिटं तशीच धरा, मग सावकाश वर काढा. फडक्यावर तळापासून जिथपर्यंत काळे कण चिकटलेत तेवढा गाळ. काठी जिथपर्यंत ओली झाली तेवढी पाण्याची खोली. काळा भाग एकूण ओल्या भागाच्या तिसऱ्या हिश्शाला पोहोचला की गाडी बोलवा. साय जाड होऊन तिची खालची बाजू टी च्या खालच्या तोंडापासून चार बोटांवर आली असेल तरीही बोलवा, गाळ कमी असला तरी, कारण आता ती पाइपात ओढली जाणार. काठी आणि फडकं नंतर नीट धुवा, फडकं टाकून दिलं तर अजून चांगलं.

गाडी आल्यावर शेजारी उभं राहून दोन गोष्टी बघा. पाइप दोन्ही कप्प्यात घातला पाहिजे. आणि गाळ ढवळून ओढला पाहिजे, नाहीतर वरचं पाणीच गाडीत जातं आणि गाळ तळाशी तसाच राहतो, गाडी भरलेली दिसते आणि काम झालेलं नसतं. काढलेला मैला कुठे जाणार हे विचारा, ओढ्यात किंवा उघड्यावर सोडणार असतील तर नको म्हणा. टाकी आतून धुवू नका, अॅसिड टाकू नका, आणि जिवाणूंची पावडर किंवा शेण टाकायचीही गरज नाही, लागणारे जिवाणू रोजच्या मैल्यातून आपोआप येतात. प्लास्टिकची टाकी असेल आणि पावसाळ्यात भूजल वर असेल तर उपसल्यावर लगेच पाण्याने भरा, रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. खरं तर गाळ मर्यादेच्या जवळ आला असेल तर उपसणं कोरड्या दिवसातच उरकावं.

खड्ड्याचं मुरणंच बंद पडलं असेल तर काय? आम्ही थोड्या अंतरावर दुसरा खड्डा केला, टाकीनंतर एक छोटं चेंबर बांधून पाइपाला दोन फाटे दिले आणि जुना खड्डा बंद करून वर्षभर कोरडा राहू दिला. हवा लागली की तो बुळबुळीत थर वाळतो आणि कुजून जातो, पूर्वीइतकं नाही तरी मुरणं परत सुरू होतं. आता दोन्ही आलटून पालटून वापरतो. मात्र टाकीत गाळ परत वाढू दिला तर नवा खड्डाही तसाच जाणार, म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने उपसल्याची तारीख लिहिलीय आणि दरवर्षी पावसाळ्याआधी काठी घालून जेवढे सेंटीमीटर भरतात तेही तिच्या खाली लिहितो.