खोट्या नोटांचं दुकान वर्गात मांडताय? या चुका टाळा

खोट्या नोटा, कागदी वस्तू, दोन-चार दुकानं आणि आपल्या लाल नोटा देऊन "परदेशी" निळ्या नोटा घ्यायला एक विनिमय काउंटर. पाचवी-सहावीच्या वर्गात हा उपक्रम सगळेच घेतात आणि बहुतेक ठिकाणी तो त्याच दोन-तीन जागी कोसळतो. मुलं हसत-खेळत घरी जातात, पण आठशेची वस्तू हजाराला का विकावी लागते, हे विचारलं तर उत्तर येतं, "दुकानदाराला पैसे हवे असतात म्हणून." हे उत्तर आलं की समजावं, मांडणीतच घोळ आहे.

खर्च नसलेलं दुकान

सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. वस्तू 8 ला घेतली, 10 ला विकली, 2 नफा, टाळ्या. दुकानाला भाडं नाही, माल उरला तरी बिघडत नाही. मग मार्जिन म्हणजे मुलांना निव्वळ वरची कमाई वाटते, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

मी विकायला नेहमी कागदी फुलं ठेवतो आणि नियम एकच सांगतो: फेरी संपली की उरलेली फुलं सुकली, त्यांची किंमत शून्य. पेन्सिली ठेवल्या तर उरलेला माल उद्या विकता येतो, मग हिशेबात शिल्लक मालाची किंमत धरावी लागते आणि पहिल्याच दिवशी गुंता होतो. फुलांचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो.

एका दुकानाला 200 लाल नोटांचं भांडवल द्या. 8 च्या भावाने 20 फुलं घेतली, 160 गेले. जागेचं भाडं 20. उरलेले 20 सुट्यांसाठी गल्ल्यात. भाव ठेवला 10 आणि विकली गेली 15 फुलं. दुकानदार मुलं 150 मोजतात आणि "पंधरा दुणे तीस, तीस नफा" म्हणून नाचतात. त्यांना नाचू द्या. मग गल्ला मोजायला सांगा: 150 आणि आधीचे 20, एकूण 170. सुरुवात 200 ने झाली होती. तीस नफा झाला म्हणणाऱ्या मुलांच्या हातात तीस कमी असतात, आणि वर्ग एकदम शांत होतो. इथे शिक्षकाने तोंड उघडू नये. "पाच फुलं सुकली ना, आणि भाडं पण," हे कोणीतरी मूलच म्हणतं. घाईचे शिक्षक हीच जागा वाया घालवतात. फळ्यावर सूत्र लिहून मोकळे होतात.

पुढच्या फेरीत तेच दुकान भाव 12 करतं. पुन्हा 15 फुलं गेली तर 180 येतात, म्हणजे माल आणि भाडं जेमतेम निघालं. फुलामागे 4 सुटतात आणि तरीही नफा शून्य, हे मुलांनी स्वतःच्या गल्ल्यात बघायला हवं. मग कोणीतरी भाव 15 करतं, 9 फुलं जातात, 135 येतात आणि 45 चा खड्डा पडतो. मार्जिन किती ठेवायचं हा प्रश्न इथे खरा होतो.

माझी एक सवय: भांडवलाचा आकडा गल्ल्याच्या झाकणावर खडूने लिहायचा. नाहीतर मुलं आलेल्या सगळ्या पैशाला नफा म्हणतात.

गिऱ्हाइकाला "नको" म्हणायचं कारणच नाही

खोट्या नोटा घरी नेऊन उपयोग नसतो, म्हणून गिऱ्हाईक झालेली मुलं शेवटच्या पाच मिनिटांत सगळं उधळतात. कुठलाही भाव खपतो आणि वरचा सगळा हिशेब फुकट जातो. उपाय सोपा आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक चिठ्ठी द्या: "या फुलाला जास्तीत जास्त 13." कोणाच्या चिठ्ठीवर 10, कोणाच्या 12, कोणाच्या 16. त्याहून महाग घ्यायचं नाही, स्वस्त मिळालं तर फरक गुण म्हणून वहीत. चिठ्ठी दुकानदाराला दाखवायची नाही. अर्थतज्ज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना अशीच कार्डं देऊन बाजार भरवला आणि 1948 मध्ये त्यावर लिहिलं. ती पद्धत पुढे नेणाऱ्या व्हर्नन स्मिथ यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. चिठ्ठ्या लिहायला लागणारी पंधरा मिनिटं वाचवू नका.

काउंटरवर एकच दर

एका वर्गात निरीक्षक म्हणून बसलो होतो. फुलांचा घाऊक विक्रेता "परदेशी" होता, फक्त निळ्या नोटा घ्यायचा, एका फुलाला एक निळी. काउंटरवर दोन मुली. फळ्यावर दर: 1 निळी = 8 लाल, घेतानाही आणि देतानाही. पहिली फेरी ठीक झाली. दुसऱ्या फेरीला शिक्षकांनी दर 9 केला. एका मुलाने निळ्या नोटा जपून ठेवल्या होत्या. 160 लाल देऊन घेतलेल्या 20 निळ्या त्याने परत दिल्या आणि 180 घेऊन गेला, एकही फूल न विकता. ही बातमी वर्गभर व्हायला वेळ लागला नाही. पुढच्या फेरीत मुलांनी मिळतील तितक्या निळ्या साठवल्या, दर पुन्हा चढला, दुकानं ओस पडली आणि सगळी रांग काउंटरवर. मुलींच्या लाल नोटा संपल्या, तेव्हा शिक्षकांनी कपाटातून नवा गठ्ठा आणून दिला. चिठ्ठ्या नव्हत्याच, त्यामुळे फुलाचा भाव 25 वर गेला. तास संपताना काउंटरवरची एक मुलगी विचारत होती, "आमचं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला तोट्यात जाणारं दुकान चालवायला दिलं होतं.

काउंटर हेही दुकानच आहे, त्याचा माल म्हणजे नोटा. म्हणून त्याला दोन दर हवेत: निळी विकत घेताना 7, विकताना 8. कोणी 160 लाल देऊन 20 निळ्या घेतल्या आणि लगेच परत केल्या, तर हातात 140 येतात. वीस काउंटरचे. मुलं "फसवणूक!" म्हणून ओरडतात, तेव्हा त्यांना काउंटरवर बसवा. दर 8 आणि 9 झाले की साठा करणारा 8 ला घेतलेली 8 लाच विकतो, हाती काही लागत नाही. ती एका नोटेची फट काउंटरला वाचवते. अर्थात दर एकदम दोनने उडाला तर फट पुरत नाही, म्हणून दर एका वेळी एकनेच हलवा. आणि नोटांचा साठा ठरलेलाच ठेवा. निळ्या निम्म्यावर आल्या की काउंटरवाल्यांनीच दर वाढवायचा. कपाटाला कुलूप.

घाऊक फुलं एका निळीला एक अशीच मिळत असतील, तर निळी विकण्याचा दर 9 झाला की दुकानदाराला 20 फुलं 180 ला पडतात, भाडं धरून 200. काल 12 च्या भावाने जेमतेम भागलेलं दुकान आज 15 फुलं विकून 20 ने बुडतं. त्याने भाव वाढवला तर चिठ्ठीवर 12 असलेली मुलं जातात. विनिमय दर आणि मार्जिन एकाच तासात घ्यायचे ते या जागेसाठी.

बाकीच्या, थोडक्यात

- सुट्या नोटा कमी पडतात. प्रत्येक गल्ल्यात 1 च्या किमान दहा हव्यात.
- 8.35 सारखा दर पहिल्या दिवशी नको. मुलं गुणाकारात अडकतात आणि बाजार थांबतो.
- गुणायचं की भागायचं, यात गोंधळ होतोच. "हातात जास्त नोटा यायला हव्यात की कमी?" हे आधी विचारा.
- ज्याच्याकडे जास्त पैसे तो जिंकला, असं जाहीर करू नका. मुलं हिशेब सोडून नोटा पळवतात.
- अर्ध्या तासात उरकायचं असेल तर घेऊच नका. तीन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीनंतर गल्ला मोजणं, याला दोन तासिका लागतात. गिऱ्हाइकांनी एकदा तरी दुकानात बसायला हवं, त्याला तिसरी.